आय डायग्राम वाचून नॉइज मार्जिन आणि टायमिंग जिटर ठरवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या लॅबमधून, तसेच हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत बोर्ड तपासणाऱ्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून सर्व उत्तरांत एकच उदाहरण घेतले आहे. एका कॅमेऱ्याकडून प्रोसेसिंग बोर्डाकडे पाच मीटर केबलवरून ४०० मेगाबिट प्रति सेकंद वेगाने जाणारी ही एलव्हीडीएस लिंक आहे. डेटासोबत क्लॉकची वेगळी जोडी आहे, आणि रिसीव्हरच्या टोकाला १०० ओहमचे टर्मिनेशन आहे. या वेगाला एका बिटचा कालावधी २.५ नॅनोसेकंद, म्हणजे २५०० पिकोसेकंद होतो.

१. आय डायग्राम म्हणजे नेमके काय? साध्या वेव्हफॉर्ममध्ये जे दिसत नाही, ते त्यात काय दिसते?

हजारो बिट्सची वेव्हफॉर्म एकेका बिटच्या कालावधीएवढ्या तुकड्यांत कापून, ते सर्व तुकडे एकाच जागी एकावर एक ठेवले की जे चित्र तयार होते, त्याला आय डायग्राम म्हणतात. वर एकची पातळी असते, खाली शून्याची, आणि दोन्ही बाजूंना चढत्या-उतरत्या कडा एकमेकींना छेदतात. मधली मोकळी जागा म्हणजे डोळा. साध्या वेव्हफॉर्ममध्ये एका वेळी काही मोजके बिट्स दिसतात आणि त्यांतला सर्वांत वाईट बिट नजरेतून सहज निसटतो. आय डायग्राममध्ये चांगले आणि वाईट बिट्स एकाच चौकटीत येतात, आणि डोळ्याची आतली कड ही वाईट बिट्सनीच आखलेली असते. म्हणून वाचताना लक्ष या आतल्या कडेवर ठेवावे, वरच्या ठळक रेषेवर नव्हे.

२. ट्रान्समीटरजवळ डोळा छान उघडा दिसतो. तेवढे पाहून लिंक चांगली आहे असे म्हणता येईल का?

नाही. निर्णय रिसीव्हर घेतो, म्हणून डोळा रिसीव्हरच्या पिनांपाशी, टर्मिनेशन रेझिस्टरच्या दोन टोकांवर पाहावा. केबलमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सी अधिक क्षीण होतात आणि त्याचा परिणाम दूरच्या टोकालाच दिसतो. केबलच्या मधल्या एखाद्या कनेक्टरवर प्रोब लावला, तर तेथे पुढे जाणारा सिग्नल आणि परत येणारे परावर्तन यांची बेरीज दिसते. ती बेरीज रिसीव्हरला जशीच्या तशी दिसत नसल्याने त्या चित्रावरून काहीही ठरवू नये.

प्रोबची जोडणीही तितकीच महत्त्वाची आहे. साध्या पॅसिव्ह प्रोबच्या दहा सेंटीमीटर लांब ग्राउंड वायरचे इंडक्टन्स साधारण १०० नॅनोहेन्री असते. प्रोबची १० पिकोफॅरड कपॅसिटन्स तिच्याशी जुळली की सुमारे १६० मेगाहर्ट्झवर रिंगिंग सुरू होते. आपल्या लिंकची मूळ फ्रिक्वेन्सी २०० मेगाहर्ट्झ असल्याने हे रिंगिंग थेट डोळ्यात उतरते, आणि दोष बोर्डाचा आहे असे वाटू लागते. डिफरन्शियल अॅक्टिव्ह प्रोब, आणि त्याची टोके शक्य तितकी आखूड, हाच यावरचा योग्य उपाय आहे.

३. आमच्या लॅबमध्ये २०० मेगाहर्ट्झचा स्कोप आहे. त्यावर ही लिंक तपासता येईल का?

चित्र दिसेल, पण मोजमाप करता येणार नाही. स्कोपचा स्वतःचा राइज टाइम साधारणपणे ०.३५ भागिले बँडविड्थ एवढा असतो, म्हणजे २०० मेगाहर्ट्झला १.७५ नॅनोसेकंद. सिग्नलचा खरा राइज टाइम ०.५ नॅनोसेकंद असला तरी वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतल्यावर स्क्रीनवर तो १.८ नॅनोसेकंदांच्या आसपास दिसेल. २.५ नॅनोसेकंदांच्या बिटमध्ये एवढी संथ कड आली, तर केबल उत्तम असूनही डोळा आक्रसलेला दिसणार. एक गिगाहर्ट्झचा स्कोप असेल, तर हाच आकडा ०.६ नॅनोसेकंद येतो. एक गिगाहर्ट्झ म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीचा पाचवा हार्मोनिक, आणि या कामासाठी तो पुरेसा आहे.

४. ट्रिगर डेटावर द्यावा की क्लॉकवर?

आपल्या उदाहरणात क्लॉक डेटासोबत येतो आणि रिसीव्हर त्याच क्लॉकच्या कडेवर डेटा उचलतो, म्हणून ट्रिगर रिसीव्हरपाशी पोहोचलेल्या क्लॉकवर द्यावा. असे केले की डेटा आणि क्लॉक दोघेही एकत्र सरकले, तर ती हालचाल चित्रात येत नाही. ती तशी न येणेच बरोबर आहे, कारण रिसीव्हरलाही तिचा त्रास होत नाही.

डेटाच्याच कडेवर ट्रिगर दिला, तर ज्या कडेवर ट्रिगर झाला ती स्क्रीनवर स्थिर दिसते आणि तिचा सगळा जिटर शेजारच्या कडांच्या खात्यात जमा होतो. परिणामी एक क्रॉसिंग फसवे बारीक आणि दुसरे फसवे जाड दिसते. अशा चित्रावरून जिटर मोजू नये.

ज्या लिंकमध्ये वेगळा क्लॉक नसतो आणि रिसीव्हर डेटामधूनच क्लॉक काढतो, तेथे स्कोपमधील क्लॉक रिकव्हरी वापरावी आणि तिची लूप बँडविड्थ रिसीव्हरच्या लूपइतकी किंवा संबंधित मानकात सांगितल्याइतकी ठेवावी. लूप फार रुंद ठेवला, तर तो जिटरच्या मागोमाग धावून तो लपवतो. फार अरुंद ठेवला, तर रिसीव्हर सहज पचवणारा संथ जिटरही दोष म्हणून दिसतो.

५. तपासताना कोणता डेटा पाठवावा? १०१०१० पाठवले तर चित्र सर्वांत स्वच्छ येते.

ते स्वच्छ येते, आणि त्याच कारणाने ते निरुपयोगी आहे. केबलचा खरा त्रास तेव्हा दिसतो, जेव्हा बरेच शून्य सलग गेल्यावर एकच एक येतो आणि पुन्हा शून्य लागतात. आधीच्या शून्यांनी रेषा पूर्ण खाली नेलेली असते आणि त्या एकट्या बिटला वर चढायला एकच कालावधी मिळतो. अशी प्रत्येक जुळणी यावी म्हणून स्यूडो-रँडम पॅटर्न पाठवतात. २ चा ७ वा घात वजा १ लांबीच्या पॅटर्नमध्ये जास्तीत जास्त सात एक सलग येतात, तर १५ व्या घाताच्या पॅटर्नमध्ये पंधरा. कॅमेऱ्याच्या चित्रात काळ्या भागाचे लांबलचक शून्य येतात, म्हणून या लिंकसाठी मी लांब पॅटर्नच घ्यायला सांगेन.

६. डोळ्याची उंची म्हणजेच नॉइज मार्जिन ना?

नाही, आणि सर्वांत जास्त चुका येथेच होतात. डोळ्याची उंची ही वरच्या आणि खालच्या कडांमधली मोकळी जागा आहे. नॉइज मार्जिन म्हणजे डोळ्याची कड आणि रिसीव्हरचा थ्रेशोल्ड यांच्यामधले अंतर. ते वर आणि खाली वेगवेगळे मोजावे लागते आणि त्यांतले लहान असेल तेच लिंकचे मार्जिन ठरते.

आपले उदाहरण घेऊ. डेटा उचलण्याच्या क्षणी एक अरुंद उभी पट्टी घेऊन तिचा हिस्टोग्राम काढला असता वरची पातळी दोन पदरांत फुटलेली दिसते. सलग एक आले की रेषा अधिक ३३० मिलिव्होल्टपर्यंत जाते, आणि एकट्या बिटला ती जेमतेम अधिक २१५ पर्यंत पोहोचते. खाली आतला पदर उणे २०५ वर आहे. प्रत्येक पदराची स्वतःची जाडी, म्हणजे रँडम नॉइजचा स्टँडर्ड डेव्हिएशन, ७ मिलिव्होल्ट आहे.

दहा हजारांच्या आसपास बिट्स जमल्यावर नॉइजची टोके साधारण चार सिग्मांपर्यंत, म्हणजे २८ मिलिव्होल्टपर्यंत पसरतात. त्यामुळे स्क्रीनवर वरची कड १८७ वर, खालची उणे १७७ वर, आणि मधला डोळा ३६४ मिलिव्होल्टचा दिसतो. हे पाहून कोणीही निश्चिंत होईल.

आता खरा हिशेब असा. एक लाख कोटी बिट्समागे एक चूक, म्हणजे १० चा उणे १२ वा घात, हे एरर रेटचे लक्ष्य असेल, तर नॉइजसाठी ७ सिग्मांहून थोडी अधिक जागा सोडावी लागते (ही संख्या कशी येते ते प्रश्न ७ मध्ये आहे). येथे ती ४९ मिलिव्होल्ट होते. एलव्हीडीएस मानकानुसार रिसीव्हरने अधिक-उणे १०० मिलिव्होल्टच्या पलीकडचा सिग्नल नक्की ओळखला पाहिजे. त्या दोन सीमांच्या आत तो काय ठरवेल, याची हमी नाही. म्हणून:

```
upper margin = 215 - 49 - 100 = 66 mV
lower margin = 205 - 49 - 100 = 56 mV
```

या लिंकचे नॉइज मार्जिन ५६ मिलिव्होल्ट आहे. ३६४ चा डोळा पाहून मनात जो आकडा येतो, त्याच्यापेक्षा हे फार कमी आहे. लॅबमधल्या एका रिसीव्हरचा प्रत्यक्ष थ्रेशोल्ड शून्याच्या अगदी जवळ असू शकतो आणि मग लिंक कमी सिग्नलवरही चालताना दिसते. परंतु उत्पादनात येणारा प्रत्येक नग तसाच असेल असे धरता येत नाही, म्हणून हिशेब हमीच्या सीमेवरूनच करावा.

७. सात सिग्मा कुठून आले? तीन सिग्मा का चालत नाहीत?

रँडम नॉइजचे वितरण गॉसियन असते आणि त्याला शेवटचे टोक नसते. किती दूरपर्यंत जागा सोडायची, हे किती चुका सोसायच्या आहेत यावर ठरते. पातळी थ्रेशोल्डपासून Q इतक्या सिग्मांवर असेल, तर चुकीची शक्यता अशी मिळते:

```
BER = 0.5 * erfc(Q / sqrt(2))
```

Q = ६ ला ही शक्यता सुमारे १० चा उणे ९ वा घात येते आणि Q = ७.०३ ला उणे १२ वा. तीन सिग्मांना ती हजारात एकाहून थोडी अधिक असते. ४०० मेगाबिटच्या लिंकवर अशा दराने सेकंदाला लाखो चुका होतील. अनेक स्कोप आपोआप जी डोळ्याची उंची छापतात, ती मात्र तीन सिग्मांवर काढलेली असते. तो आकडा दोन बोर्डांची तुलना करायला उपयोगी आहे, पण मार्जिन म्हणून अहवालात लिहू नये.

८. क्रॉसिंगची रुंदी म्हणजे जिटर हे समजले. पण स्कोप जितका वेळ चालू ठेवावा तितकी ती रुंदी वाढत जाते. मग खरा आकडा कोणता?

रुंदी वाढत जाणे स्वाभाविक आहे, कारण जिटरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक भाग रँडम असतो. तो प्रश्न ७ मधल्या नॉइजसारखाच अमर्याद असल्याने जितके बिट्स जमतील तितकी त्याची टोके दूर जातात. दुसरा भाग मर्यादित असतो. आधीचे बिट्स कोणते होते त्यानुसार कड ठरावीक अंतराने पुढे-मागे सरकते, आणि कितीही वेळ थांबले तरी हे अंतर वाढत नाही.

शून्य व्होल्टवर आडवी अरुंद पट्टी घेऊन क्रॉसिंगचा हिस्टोग्राम काढला की हे दोन्ही भाग डोळ्यांनी वेगळे ओळखता येतात. आपल्या लिंकवर या हिस्टोग्रामला दोन शिखरे आहेत. त्यांच्यातले अंतर १८० पिकोसेकंद आहे, आणि बाहेरच्या उतारावर गॉसियन बसवली असता सिग्मा २० पिकोसेकंद मिळतो. उणे १२ व्या घातासाठी एकूण जिटर असा:

```
TJ = DJ + 14.07 * sigma
   = 180 + 14.07 * 20 = 461 ps
```

१४.०७ हा ७.०३ च्या जवळजवळ दुप्पट आहे, कारण डोळ्याला डावी आणि उजवी अशा दोन बाजू आहेत. २५०० मधून ४६१ वजा जाता डोळ्याची रुंदी २०३९ पिकोसेकंद, म्हणजे बिटच्या सुमारे ८२ टक्के उरते. स्कोप पाच मिनिटे चालवा की तासभर, हा आकडा तोच राहिला पाहिजे. बदलला, तर सिग्मा चुकीच्या भागावरून घेतला आहे असे समजावे.

९. स्कोपने क्रॉसिंगचा सिग्मा ९२ पिकोसेकंद दाखवला. त्याला १४.०७ ने गुणले तर जिटर १३०० च्या जवळ येतो. मग लिंक वाईट आहे का?

लिंक वाईट नाही, गुणाकार चुकीच्या सिग्माचा झाला आहे. स्कोपचा ९२ हा आकडा दोन्ही शिखरे धरून काढलेल्या पूर्ण हिस्टोग्रामचा आहे. मध्यापासून दोन्ही बाजूंना ९० वर असलेली शिखरे आणि प्रत्येकाची २० ची जाडी यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतले, तर बरोबर तेच येते. त्यातला ९० चा भाग मर्यादित आहे, तो चौदा पट वाढत नाही. गुणाकार फक्त रँडम भागाचा करावा. पातळ्यांच्या हिस्टोग्राममध्येही हीच चूक होते, म्हणूनच प्रश्न ६ मध्ये सिग्मा संपूर्ण पट्टीचा न घेता आतल्या पदराचा घेतला आहे.

१०. डोळ्याची रुंदी २०३९ पिकोसेकंद आली. अर्धी डावीकडे, अर्धी उजवीकडे, म्हणजे टायमिंग मार्जिन हजार पिकोसेकंद का?

क्लॉकची कड डोळ्याच्या बरोबर मध्यावर पडत असेल आणि रिसीव्हरला सेटअप-होल्ड लागत नसेल, तरच. प्रत्यक्षात डेटा आणि क्लॉकच्या जोड्यांची लांबी थोडी वेगळी असते. समजा, क्लॉकची कड मध्यापासून ३०० पिकोसेकंद उशिरा पडते आणि रिसीव्हरचे सेटअप व होल्ड प्रत्येकी ३५० पिकोसेकंद आहेत:

```
before edge: 1019 + 300 - 350 = 969 ps
after edge:  1019 - 300 - 350 = 369 ps
```

मार्जिन ३६९ आहे. अशा वेळी जिटर कमी करण्याच्या मागे लागण्याआधी क्लॉकची जोडी आखूड करून कड मध्यावर आणावी. त्याने मार्जिन ६६९ वर जाते आणि त्यासाठी चिप बदलावी लागत नाही.

११. दोन्ही कडा शून्याच्या थोड्या वर छेदतात. जिटर कुठे मोजायचा?

रिसीव्हर जेथे निर्णय घेतो तेथे, म्हणजे शून्यावरच. छेदबिंदू वर असणे म्हणजे एकचे बिट्स शून्याच्या बिट्सपेक्षा रुंद झाले आहेत. ड्रायव्हरचा चढता आणि उतरता वेग वेगळा असणे किंवा त्यात ऑफसेट असणे, ही त्याची नेहमीची कारणे. छेदबिंदूच्या उंचीवर पट्टी ठेवली, तर ही विकृती जिटरमधून गायब होते आणि रुंदी खोटी चांगली दिसते.

१२. डोळ्याच्या मधोमध तुरळक ठिपके दिसतात. हजारो बिट्समध्ये दोन-चार ठिपके सोडून दिले तर चालेल का?

चालणार नाही. सिग्मा ७ मिलिव्होल्ट असताना आतल्या पदरापासून शंभर मिलिव्होल्ट दूर पडलेला ठिपका गॉसियन नॉइजने येणे जवळजवळ अशक्य आहे. त्यामागे वेगळे कारण आहे, आणि प्रश्न ६ च्या हिशेबात ते धरलेलेच नाही.

नागपुरात एप्रिल-मे मध्ये याचे एक कारण बहुधा खोलीतच असते. खिडकीतल्या कूलरची मोटर किंवा पंप चालू-बंद होताना स्विचच्या संपर्कात ठिणगी पडते आणि तिचा झटका मेनमधून व केबलच्या शील्डमधून आत येतो. पडताळणी सोपी आहे. स्कोपवर अनंत पर्सिस्टन्स लावून डोळ्याच्या मध्यात एक मास्क ठेवावा आणि मास्कला स्पर्श होताच मोजणी थांबेल असे करावे. मग सहकाऱ्याला कूलरचे बटन काही वेळा दाबायला सांगावे. प्रत्येक वेळी मोजणी थांबली, तर कारण सापडले. थांबलेल्या वेव्हफॉर्ममध्ये काही दहा नॅनोसेकंदांचा कंप पावणारा झटका दिसेल.

कूलर बंद करून अहवाल लिहून मोकळे होणे मात्र योग्य नाही, कारण ज्या कारखान्यात हा कॅमेरा बसेल तेथे कॉन्टॅक्टर आणि मोटरी असणारच. शील्डची पकड कनेक्टरभोवती सर्व बाजूंनी आहे, की एका लांब वायरने ती बोर्डाला जोडली आहे, हे आधी पाहावे. बहुतेकदा दोष त्या वायरमध्ये असतो.

१३. हिवाळ्यात पास झालेला बोर्ड उन्हाळ्यात चुका देतो. केबलवर तापमानाचा एवढा परिणाम होतो का?

केबलवर होतो, पण तो लहान आहे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २५ अंशांवरून ४५ वर गेल्यास ही वाढ आठ टक्क्यांच्या आसपास होते, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीवर स्किन इफेक्टमुळे तोट्यात तिच्या निम्मीच वाढ दिसते. ५६ मिलिव्होल्टचे मार्जिन एवढ्याने संपत नाही. म्हणून प्रथम पेटीच्या आतले तापमान पाहावे. बाहेर ४५ असताना बंद पेटीत ते त्याहून बरेच वर जाते आणि ड्रायव्हरचा स्विंग, सप्लायचा रिपल व क्लॉकचा रँडम जिटर हे सर्व तेथे बदलतात. पेटी बंद ठेवून, ती पूर्ण तापल्यावर डोळा घ्यावा. आतला पदर खाली आला असेल, तर ड्रायव्हर किंवा केबल तपासावी. क्रॉसिंगचा सिग्मा वाढला असेल, तर क्लॉक आणि त्याचा सप्लाय.

१४. डोळा सगळ्या निकषांवर पास आहे, तरी लिंक अधूनमधून तुटते. असे कसे?

डिफरन्शियल डोळा दोन तारांमधला फरकच दाखवतो. दोन्ही तारा एकत्र वर-खाली गेल्या, तर त्याची खूणही चित्रात उमटत नाही. एलव्हीडीएसची कॉमन-मोड पातळी साधारण १.२ व्होल्ट असते आणि दोन बोर्डांच्या ग्राउंडमध्ये सुमारे एक व्होल्टपर्यंतचा फरक रिसीव्हरने सोसावा अशी अपेक्षा असते. कॅमेरा आणि बोर्ड वेगवेगळ्या सप्लायवर असतील आणि मोटर चालू होताना हा फरक त्याहून वाढला, तर रिसीव्हर त्याच्या मर्यादेबाहेर जातो आणि डोळा उघडा असूनही चुकीचे वाचतो. म्हणून प्रत्येक तार ग्राउंडच्या संदर्भात वेगळी मोजून दोघींची सरासरी पाहावी, तीही यंत्र चालू-बंद होत असताना.

१५. उलट प्रकारही पाहिला : पिनांवर डोळा पूर्ण बंद, आणि लिंक मात्र बिनचूक चालते.

अनेक गिगाबिटच्या लिंकमध्ये हे नेहमीचे आहे. तेथे रिसीव्हरच्या आत इक्वलायझर असतो आणि निर्णय त्याच्यानंतर होतो, म्हणून पिनांवरचा डोळा त्या निर्णयाबद्दल काही सांगत नाही. स्कोपमध्ये त्या इक्वलायझरचे मॉडेल लावून किंवा चिपच्या आतला डोळा वाचून मार्जिन काढावे लागते. आपल्या उदाहरणातल्या साध्या एलव्हीडीएस रिसीव्हरमध्ये इक्वलायझर नसतो, त्यामुळे तेथे पिनांवर बंद डोळा दिसला आणि लिंक चालत असली, तर आधी प्रश्न २ आणि ३ प्रमाणे प्रोब आणि स्कोप तपासावेत.

१६. हा सगळा हिशेब करण्याऐवजी थेट बिट एरर मोजल्या तर?

अवश्य मोजाव्यात, पण वेळ किती लागतो ते आधी पाहावे. ४०० मेगाबिटला १० चा १२ वा घात इतके बिट्स जायला २५०० सेकंद लागतात. एकही चूक न होता ९५ टक्के खात्रीने तो एरर रेट सांगायचा, तर साधारण तिप्पट बिट्स, म्हणजे दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. शिवाय शून्य चुका आल्या, तर लिंक त्या दिवशी त्या खोलीत चालली एवढेच कळते. ती काठावर होती की निवांत, हे कळत नाही. म्हणून आय डायग्राममधून मार्जिन काढावे, आणि एरर टेस्टने तो अंदाज पडताळावा. दोन्ही जुळले नाहीत, तर प्रश्न १२ आणि १४ मधली कारणे प्रथम शोधावीत.